तीन गॅप, दोन लॉट आणि ‘भरणारच’ हा शब्द: एका कांदा व्यापाऱ्याच्या सौद्याचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित गृहस्थांच्या परवानगीनं लिहितोय. शेअरचं नाव दिलेलं नाही, तारखांऐवजी सत्रांचे क्रमांक दिलेत आणि भाव मूळ भावांपेक्षा एका ठरावीक पटीत बदललेत. वायदा आणि रोखीच्या भावातला रुपया-दोन रुपयांचा फरक मी सोडून दिलाय. ही कुठल्याही शेअरची शिफारस नाही.

## पार्श्वभूमी

त्यांना आपण अण्णा म्हणू. पन्नाशी ओलांडलेले, पिंपळगाव बसवंतला कांद्याची खरेदी, घर नाशिकला दिंडोरी रोडवर. मी शरणपूर रोडला कर सल्लागाराचं काम करतो आणि त्यांचं विवरणपत्र दरवर्षी माझ्याकडेच असतं. चार्ट बघणं हा माझा जुना छंद. त्यामुळे मार्चमध्ये कागद घेऊन आले की हिशेब अर्ध्या तासात संपतो आणि बाजार दोन तास चालतो.

अण्णा नवखे नव्हते. चार वर्षं ते निफ्टी आणि बँक निफ्टीत दिवसाच्या दिवसात सौदे करत होते आणि त्यांची एक ठरलेली पद्धत होती. सकाळी सव्वानऊला बाजार कालच्या बंद भावापेक्षा थोडा वर उघडला की विकायचं, थोडा खाली उघडला की घ्यायचं आणि भाव कालच्या बंदला आला की बाहेर पडायचं. म्हणजेच गॅप भरण्यावर पैसे लावायचे. मला दाखवलेल्या वहीत एका तिमाहीचे असे सतरा सौदे होते, त्यातले चौदा जमलेले. नफा लहान, पण नियमित. या वहीतूनच त्यांचं वाक्य तयार झालं होतं: “साहेब, गॅप भरल्याशिवाय राहत नाही.”

वही खोटी नव्हती. तिच्यातले जवळजवळ सगळे गॅप एकाच जातीचे होते, एवढाच प्रश्न होता. भाव एका पट्ट्यात वरखाली फिरत असताना रात्रीच्या परदेशी बाजारामुळे जो थोडा अंतराचा गॅप पडतो, तो साधा गॅप. त्याच्यामागे नवीन माहिती फारशी नसते. पट्ट्यातले नेहमीचे खरेदीदार-विक्रेते जागेवरच असतात आणि तासाभरात भाव आपल्या खुंट्याला परत येतो. असे गॅप संख्येनं सगळ्यात जास्त पडतात, म्हणून अनुभवही त्यांचाच जास्त साठतो.

## प्रसंग: पहिला गॅप

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीचा शेअर सात महिने ५४८ ते ६०० या पट्ट्यात अडकला होता. सहाशेला चार वेळा जाऊन परत फिरलेला. एका बुधवारी बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल आला. नफा अपेक्षेपेक्षा बराच जास्त होता, शिवाय पुढच्या वर्षाच्या क्षमतावाढीची घोषणा होती.

बुधवारचा उच्चांक ५९७, बंद ५९४. गुरुवारी शेअर ६२८ ला उघडला, खाली ६१९ पर्यंत गेला, वर ६४६ केला आणि ६४३ ला बंद झाला. उलाढाल गेल्या वीस सत्रांच्या सरासरीच्या सहापट. या गुरुवारला मी पहिलं सत्र म्हणतो.

इथंच मोजमापाची पहिली चूक झाली. अण्णांनी गॅप मोजला तो बुधवारच्या बंद भावापासून गुरुवारच्या उघडत्या भावापर्यंत, म्हणजे ५९४ ते ६२८. पण जिथं एकही सौदा झाला नाही ती जागा म्हणजे गॅप. ती आदल्या दिवसाच्या उच्चांकापासून आजच्या नीचांकापर्यंत असते: ५९७ ते ६१९, बावीस रुपये. त्यातही राष्ट्रीय शेअर बाजारात कंपनीच्या शेअरचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासाच्या सौद्यांची सरासरी असतो, शेवटचा सौदा नव्हे. तेव्हा बंदपासून मोजलेला गॅप कधी फुगतो, कधी आक्रसतो. हा फरक पुढं महत्त्वाचा ठरला, कारण ६१९ ही खरी कड अण्णांच्या कागदावर कुठंच नव्हती.

## पहिला निर्णय

गुरुवारी अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. “एवढी उडी? नुसती हवा आहे. पाचशे सत्त्याण्णवला येणारच. एक लॉट विकतो.”

त्या वेळी समोर चार वाटा होत्या. लगेच शॉर्ट करायचं, म्हणजे हातात माल नसताना वायद्यात आधी विकायचं आणि नंतर घ्यायचं. काहीच करायचं नाही. तेजीत उतरायचं आणि ६१९ खाली बंद झाला तर बाहेर पडायचं. किंवा थांबायचं आणि भाव ६१९ च्या खाली, म्हणजे गॅपच्या आत बंद झाला तरच विकायचं.

मी चौथी वाट सुचवली आणि कारणही सांगितलं. सात महिन्यांचा पट्टा, चार वेळा अडलेली पातळी, त्यापलीकडे मारलेली उडी, सहापट उलाढाल आणि मागं खरी बातमी: ही सगळी ब्रेकअवे गॅपची लक्षणं आहेत. अशा गॅपमध्ये होतं काय, तर सहाशेला विकणारे सात महिन्यांत विकून संपलेले असतात. ज्यांनी आधीच शॉर्ट केलंय ते तोट्यात अडकतात आणि जरा भाव पडला की सुटायला खरेदी करतात. ज्यांची घ्यायची राहून गेली तेही थोड्या घसरणीची वाट बघत असतात. दोन्हीकडचे खरेदीदार गॅपच्या वरच्या कडेशी उभे असतात, त्यामुळे भाव कडेपर्यंत येतो पण आत शिरत नाही. साध्या गॅपमध्ये असं कुणी उभं नसतं.

अण्णांना ते पटलं नाही. चौदा-तीनचा अनुभव त्यांच्या बाजूनं होता आणि माझ्याकडे फक्त लक्षणं. त्यांनी ६३४ ला एक लॉट विकला. लॉट ८०० शेअरचा, सुरुवातीचं मार्जिन, म्हणजे दलालाकडे ठेवायची अनामत, साधारण सव्वा लाख. लक्ष्य ५९७, म्हणजे २९,६०० रुपये. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवून बाहेर पडायचा भाव, ‘मनात’ ६५० चा.

तिसऱ्या सत्रात भाव ६२४ पर्यंत आला. अण्णा आठ हजारांच्या कागदी नफ्यात होते. मी म्हटलं, कडेपासून पाच रुपयांवर आलाय, आता बघा आत जातो का. तो गेला नाही. त्या दिवशी तो ६३५ ला बंद झाला. प्रकरणातला सगळ्यात स्वस्त निर्णय इथं होता: ब्रेकअवे गॅपची कड टिकली, हे दिसल्यावर ६३५ च्या आसपास जवळजवळ फुकट बाहेर पडणं. पण लक्ष्य ५९७ असलेल्या माणसाला ६२४ हे ‘भरायला सुरुवात झाली’ असं दिसतं.

सहाव्या सत्रात भाव ६५० वरून गेला. तिथं गॅप वगैरे काही नव्हता. एक्स्चेंजमध्ये ऑर्डर लावली असती तर ती ६५० च्या आसपासच सुटली असती आणि तोटा १२,८०० रुपयांवर थांबला असता. मनातला स्टॉपलॉस मनातच राहिला, कारण त्या दिवशी पिंपळगावला कांद्याची आवक मोठी होती आणि अण्णा लिलावात होते. नवव्या सत्रात ६६२ ला त्यांनी दुसरा लॉट विकला. सरासरी ६४८. “आता परत यायला कमी अंतर लागेल,” असं म्हणाले. अंतर कमी झालं होतं खरं, पण प्रत्येक रुपयाची किंमत ८०० वरून १६०० झाली होती. बाराव्या सत्राला एक्सपायरी आली, म्हणजे त्या महिन्याच्या वायद्याची मुदत संपली. दोन्ही लॉट पुढच्या महिन्याच्या वायद्यात रोल केले.

## दुसरा गॅप

सोळाव्या सत्राचा उच्चांक ७०४. सतराव्या सत्राला शेअर ७२२ ला उघडला, नीचांक ७१८, बंद ७३१. गॅप ७०४ ते ७१८, म्हणजे चौदा रुपये. उलाढाल सरासरीच्या दुप्पट, पहिल्या सत्राइतकी नाही. बातमी किरकोळ: एका दलालीसंस्थेनं लक्ष्यभाव वाढवला होता.

तोटा ८३ गुणिले १६०० म्हणजे १,३२,८०० रुपये. वायद्यात हा तोटा कागदावर राहत नाही, रोज संध्याकाळी खात्यातून जातो. दलालाकडून मार्जिनसाठी फोन आला.

अण्णांचं त्या दिवसाचं बोलणं मी लिहून ठेवलंय: “आता खाली दोन गॅप आहेत साहेब. दोन्ही भरायचे आहेत. म्हणजे मंदी दुप्पट पक्की.”

हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, म्हणून थोडं थांबतो. दुसरा गॅप कुठं पडला ते बघा. मागं-पुढं कुठं पट्टा नव्हता, भाव सोळा सत्रं चढतच होता आणि मध्येच उडी बसली. याला रनअवे गॅप म्हणतात. तो पडतो कारण चढाच्या दिशेला कुणी विकायला तयार नसतं आणि शॉर्टवाले मार्जिनच्या फोननं हैराण होऊन सकाळी सकाळी खरेदी करतात. म्हणजे अण्णा ज्याला मंदीचा पुरावा समजत होते, तो त्यांच्यासारख्याच लोकांच्या अडचणीतून तयार झाला होता. उलाढाल मध्यम असणंही याच्याशी जुळतं, कारण अजून कुणी घाबरून पळालेलं नाही.

रनअवे गॅपला मोजपट्टीचा गॅपही म्हणतात, कारण तो बऱ्याचदा चालीच्या मध्याजवळ पडतो. आपल्या प्रकरणात पट्टा सुटला सहाशेला, गॅपचा मध्य ७११. अंतर १११. तेवढंच पुढं धरलं तर ८२२. मी हा आकडा अण्णांना सांगितला तेव्हा ते हसले. हसण्यासारखंही आहे म्हणा, कारण हा अंदाज आहे, त्याला नियम म्हणता येत नाही. किती गॅप मध्यावर पडतात आणि किती आपण नंतर सोयीनं मध्यावर ठरवतो, हा प्रश्न मला नेहमी छळतो. पण शॉर्ट असलेल्या माणसाला त्याचा एक उपयोग होता: आपण चुकलो असू तर अजून किती चुकू शकतो, याचा आकडा मिळत होता. ८२२ ला तोटा २,७८,४०० होणार होता.

## दुसरा निर्णय

पर्याय तीन. एक, दोन्ही लॉट ७३१ ला कव्हर करून, म्हणजे परत विकत घेऊन, १,३२,८०० चा तोटा घ्यायचा. दोन, गॅपच्या खालच्या कडेची अट घालायची: पुढच्या तीन सत्रांत ७०४ खाली बंद झाला नाही तर बाहेर. तीन, शॉर्ट ठेवायचा पण ७४० चा कॉल, म्हणजे ७४० ला खरेदी करायचा हक्क, घेऊन विमा उतरवायचा. त्या दिवशी तो २४ रुपयांना मिळत होता, १६०० शेअरना ३८,४०० रुपये. मग भाव कुठंही गेला तरी एक्सपायरीपर्यंत एकूण तोटा १,८५,६०० च्या वर गेला नसता.

तिसरा पर्याय अण्णांनी दहा मिनिटं विचारात घेतला. “आधीच तोटा, त्यात अजून अडतीस हजार घालू?” असं म्हणून सोडला. मला वाटतं, प्रकरणातला हा खरा कलाटणीचा क्षण. ‘गॅप भरणार’ यावर त्यांचा इतका विश्वास होता की विमा हा वाया जाणारा खर्च वाटला. आणि तेवढाच विश्वास असता तर रात्री झोप लागायला हवी होती, ती लागत नव्हती हे त्यांच्या मुलानं मला सांगितलं.

त्यांनी चौथं काही केलं. आडतीच्या चालू खात्यातून दोन लाख मार्जिनला भरले. बाजार समितीत शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे असतात, त्यामुळे त्या आठवड्यात त्यांना लिलावात हात आखडता घ्यावा लागला. रोजच्यापेक्षा तीन-चार ट्रॅक्टर कमी घेतले. सौद्याचा तोटा खात्यात दिसतो, हा कुठं दिसत नाही.

स्टॉपलॉसबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी. समजा त्यांनी सोळाव्या सत्राला ७१० चा स्टॉपलॉस लावला असता, तरी तो ७१० ला सुटला नसता, ७२२ ला सुटला असता. गॅपमध्ये सौदेच नसतात, तर तुमचा कुठून होणार? आणि स्टॉपलॉससोबत मर्यादा भाव ७१२ असा दिला असता तर ऑर्डर जागी झाली असती, पण पूर्ण झालीच नसती. रात्रभर पोझिशन ठेवणाऱ्यानं गॅपचं अंतर आपल्या तोट्यात आधीच धरून लॉटची संख्या ठरवायची असते.

## तिसरा गॅप

सत्ताविसाव्या सत्रापर्यंत भाव ७९० झाला. तिसाव्या सत्राचा उच्चांक ८०६. एकतिसाव्या सत्राला सकाळी शेअर ८३८ ला उघडला आणि अर्ध्या तासात ८६१ ला गेला. दलालानं निर्वाणीचा फोन केला. पावणेदहाला अण्णांनी दोन्ही लॉट ८५२ ला कव्हर केले. तोटा २०४ गुणिले १६००, म्हणजे ३,२६,४०० रुपये.

इथपर्यंत गोष्ट नेहमीची आहे. पुढचं नेहमीचं नाही, निदान मला तसं वाटत होतं. नंतर विचारलं तेव्हा कळलं की बरेच जण हेच करतात. दुपारी एकला अण्णांनी ८४६ ला एक लॉट विकत घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, “दोन गॅप भरले नाहीत. आता माझा समज बदलला. गॅप म्हणजे तेजी.”

त्या दिवशी शेअर ८३६ ला बंद झाला, म्हणजे ८२९ ते ८६१ या दिवसभराच्या पल्ल्याच्या तळाजवळ. उलाढाल सरासरीच्या आठपट, पहिल्या सत्रापेक्षाही जास्त. बातमी काहीच नव्हती. बत्तिसाव्या सत्रात बंद ८१५, म्हणजे ८०६ ते ८२९ या गॅपच्या आत. तेहतिसाव्यात भाव ८०६ च्या खाली उतरून ७९४ पर्यंत गेला. तिसरा गॅप दोन सत्रांत भरला.

तेहतिसावं सत्र एक्सपायरीचं होतं. शेअरचे वायदे आपल्याकडे डिलिव्हरीनं मिटतात. लॉट ठेवला असता तर ८०० शेअरचे सहा लाखांवर रुपये भरून माल घ्यावा लागला असता. अण्णांनी ७९८ ला विकून टाकला. तोटा ३८,४००.

हा एक्झॉशन गॅप. बाहेरून बघता तो रनअवेसारखाच दिसतो: चढ चालू आहे, मध्येच उडी. फरक इतकाच की आता वर खरेदी करणारं कुणी उरलेलं नसतं. उशिरा जागे झालेले लोक घेतात, हरलेले शॉर्टवाले कव्हर करतात आणि ज्यांनी सहाशेच्या आसपास घेतलं होतं ते त्यांना निवांतपणे माल देतात. आठपट उलाढालीचा अर्थ तोच. त्या सकाळच्या खरेदीत अण्णांचे १६०० शेअर होते आणि दुपारच्या खरेदीत ८००.

## निष्पत्ती

एकूण तोटा ३,६४,८०० रुपये, दलाली आणि कर वेगळे. माझ्या धंद्यापुरतं सांगायचं तर वायद्यातला तोटा सट्ट्याचा धरला जात नाही. तो धंद्याचा तोटा म्हणून त्याच वर्षीच्या कांद्याच्या नफ्यातून वजा झाला. विवरणपत्र मुदतीत भरलं तर उरलेला तोटा आठ वर्षं पुढं ओढता येतो. अण्णांच्या बाबतीत ओढायला काही उरलं नाही, कारण त्या वर्षी कांद्यानं साथ दिली.

आणि गॅपचं काय झालं? तिसरा दोन सत्रांत भरला. दुसऱ्यात भाव साधारण तीन महिन्यांनी शिरला, ७०९ पर्यंत आला, ७०४ ला न टेकता परत फिरला. भरला म्हणायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर आहे. पहिला, ज्याच्यावर सगळा डाव लावला होता, तो हे लिहिताना अकरा महिने झाले तरी उघडा आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

गॅप नेहमी भरतो का? भरणाऱ्यांची उदाहरणं भरपूर आहेत. ३१ मे २०२४ ला निफ्टी २२,५३० ला बंद झाला. शनिवारी मतदानोत्तर चाचण्या आल्या आणि सोमवारी, ३ जूनला, तो आठशे अंकांनी वर उघडून २३,२६३ ला बंद झाला. ४ जूनला मतमोजणीच्या दिवशी तो २१,८८४ ला बंद झाला. अख्खा गॅप एका दिवसात गिळला गेला. न भरलेल्याचं मोठं उदाहरण मे २००९ चं. १५ मे ला निफ्टी ३,६७१ ला बंद, लोकसभेचा निकाल लागला आणि १८ मे ला दोनदा वरचं सर्किट लागून ४,३२३ वर दिवस संपला. चार्टवर ती उडी गॅप म्हणून दिसेलच असं नाही, कारण सकाळचं पूर्व-सत्र २०१० मध्ये सुरू झालं आणि त्याआधी निर्देशांकाचा पहिला आकडा जुन्या बंदजवळच निघायचा. पण ३,६७१ निफ्टीनं पुन्हा पाहिलेला नाही. या दोन प्रसंगांत फरक कारणाचा होता. २००९ मध्ये निकाल लागून चुकला होता, २०२४ मध्ये फक्त अंदाज आला होता आणि तो दुसऱ्याच दिवशी तपासला जाणार होता.

माझी मुख्य तक्रार ‘नेहमी’ या शब्दापेक्षा ‘भरणारच’ या शब्दाबद्दल आहे, कारण त्याला मुदत नसते. गॅप दहा वर्षांनी भरला तरी म्हणणारा बरोबर ठरतो, पण शॉर्ट धरणाऱ्याला दर महिन्याला रोल करायचं असतं आणि रोज तोटा भरायचा असतो. मुदत नसलेलं विधान खोटं ठरवता येत नाही, म्हणूनच त्यावर सौदा करता येत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. ब्रेकअवे, रनअवे, एक्झॉशन ही नावं गॅपच्या कॅन्डलवर लिहिलेली नसतात. एकतिसाव्या सत्राला पावणेदहाला मी तरी काय सांगू शकलो असतो? तिसरा गॅप आहे, सहाशेपासून चाळीस टक्के वर आलोय, ८२२ चा अंदाज ओलांडलाय, बातमी नाही. संशय घ्यायला एवढं पुरेसं, विकायला पुरेसं नाही. आठपट उलाढाल आणि तळाजवळचा बंद हे संध्याकाळी कळलं, गॅपच्या आतला बंद दुसऱ्या दिवशी. म्हणजे नाव ठरायला दोन-तीन सत्रं लागतात. तोवर हातात दोन कडाच असतात, वरची आणि खालची, आणि सौदा त्या कडांवर बांधायचा असतो.

तसं केलं असतं तर अण्णांचा मूळ डाव कसा दिसला असता? पहिल्या गॅपनंतर थांबायचं, ६१९ खाली बंद झाला तरच ५९७ च्या लक्ष्यानं विकायचं. तसा बंद कधी आलाच नाही, म्हणजे सौदाच झाला नसता. एकतिसाव्याच्या गॅपला हीच अट लावली असती तर बत्तिसाव्या सत्राला ८१५ ला शॉर्ट मिळाला असता, लक्ष्य ८०६ आणि स्टॉपलॉस गॅपच्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर. नऊ रुपयांसाठी जवळजवळ पन्नास रुपयांची जोखीम. म्हणजे हा सौदाही घेण्यासारखा नव्हता, हे मी प्रामाणिकपणे मांडतो. एक्झॉशन गॅपचा खरा उपयोग ज्याच्याकडे आधीपासून माल आहे त्याला होतो: त्यानं विकायची तयारी ठेवावी.

माझीही एक चूक नोंदवतो. मी पहिल्या दिवशी लक्षणांची यादी सांगितली, पण अण्णांची वही उघडून तिच्यातले सतरा गॅप कुठं पडले होते ते त्यांना दाखवलं नाही. ते नंतर, तोटा झाल्यावर केलं. सतरापैकी सोळा पट्ट्याच्या आतले निघाले. पट्ट्याबाहेर पडलेला एकच होता आणि तो न भरलेल्या तिघांपैकी होता.

त्याच बैठकीत मी त्यांना ८ डिसेंबर २०२३ ची आठवण करून दिली. आदल्या दिवशी कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली होती आणि लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव आदल्या लिलावाच्या जवळपासही नव्हता. “तेव्हा तुम्ही ‘जुना भाव परत येणारच’ म्हणून माल धरून बसलात का?”

“नाही. पहिल्या तासात होता तेवढा काढला.”

“का?”

“बंदी कधी उठेल ते माहीत नव्हतं. आणि भाव का तुटला ते माहीत होतं.” जरा थांबून म्हणाले, “या कंपनीचा निकाल मी वाचलाच नव्हता साहेब. अजून नाही वाचला.”

आता त्यांच्या वहीत दोन रकाने वाढलेत: गॅप पट्ट्याच्या आत की बाहेर, आणि कारण काय. पट्ट्याबाहेरच्या गॅपवर ते सौदा करत नाहीत. दिवसातले लहान गॅप पूर्वीसारखेच चालू आहेत आणि तिथं त्यांना अजूनही पैसे मिळतात. त्या शेअरचा ६१९ चा अलर्ट मात्र त्यांनी फोनवरून काढलेला नाही.